सिंक बंदची नोटीस: आठ महिने वापरल्यावर

आमचा खत-औषधांचा होलसेल धंदा. गोडाऊन सांगलीत, काउंटर मिरज, तासगाव आणि विट्याला. सगळ्यांचा स्टॉक सिंक होऊन सगळ्यांना दिसतो. अधूनमधून देखभालीसाठी सिंक दोन तास थांबतं आणि त्याची नोटीस स्टाफला मी पाठवतो.

पहिली नोटीस एका ओळीची होती: ‘शनिवारी 2 ते 4 सर्व्हर मेंटेनन्स, सहकार्य करावे.’ दिवस द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे, वर पाऊस, डाउनी रोगाच्या भीतीने बुरशीनाशकाला झुंबड. तासगावच्या स्क्रीनवर सांगलीचे 62 बॉक्स दिसत होते. त्यांनी गिऱ्हाइकाला 40 कबूल केले. प्रत्यक्षात 2 नंतर सांगलीतून 38 गेले होते, उरले होते 24. टेम्पो तेवढेच घेऊन परतला आणि शिव्या आम्ही खाल्ल्या. खरी गोम अशी की शिळा आकडा शिळा दिसत नाही. एरर येत नाही, रंग बदलत नाही.

विट्याचं प्रकरण याहून चिवट निघालं. सांगलीहून गेलेले 15 बॉक्स हातात आले, पण स्क्रीनवर येईनात. पोराने हाताने जमा नोंद केली. संध्याकाळी सिंक सुरू झालं आणि मूळ नोंदही येऊन बसली. कॉम्प्युटरवर 30, रॅकवर 15. महिनाअखेरच्या मोजणीत फरक लागला, तेव्हा एकाच तारखेला तेवढ्याच बॉक्सच्या दोन नोंदी सापडल्या. एकीला चलन नंबरच नव्हता.

त्यानंतर नोटीस अशी जाते:

‘शनिवार, 2 ते 4 सिंक बंद. बिलिंग चालू राहील. स्वतःच्या काउंटरचा स्टॉक आणि गल्ला बरोबर दिसेल, पण बाहेरून आलेला माल त्यात धरलेला नसेल. दुसऱ्या शाखेचा स्टॉक, पार्टीची बाकी आणि एकूण विक्री 2 वाजताची दिसेल. दुसरीकडचा माल कबूल करण्याआधी फोन करा. आलेला माल वहीत लिहा, सिस्टीममध्ये हाताने चढवू नका. 4 नंतरही Pending शून्य होईपर्यंत आकडे जुनेच समजा.’

शेवटचं वाक्य मी उशिरा घातलं. आधी ‘Last sync ची वेळ बघा’ असं लिहीत होतो. पण कुठल्याही एका शाखेची बिलं आली की ती वेळ पुढे सरकते. सांगलीत 4:10 दिसत होतं आणि विट्याची बिलं अजून रांगेतच होती. आता प्रत्येक शाखेसमोरचं Pending बघायला सांगतो.

फोनमुळे स्टॉकचे घोळ थांबले, दुबार नोंद तेव्हापासून एकही नाही. पार्टीच्या बाकीचं मात्र जमलेलं नाही. एकाच दुपारी मिरजेतून आणि तासगावातून उधार उचलणारा गडी मर्यादेबाहेर जातो आणि दोन्ही काउंटरना तो मर्यादेतच दिसतो. मोठी उधारी त्या दोन तासांत मला विचारून द्या, असं तोंडी सांगितलंय, पण ‘मोठी’ म्हणजे किती हे मालकांनी अजून ठरवून दिलेलं नाही. म्हणून या नोटिशीला पाचपैकी चार गुण.