राणी रंगाची पैठणी: तीन फाइलींपैकी प्रिंटला कोणती द्यायची?

आत्याच्या पंचाहत्तरीला काढलेला एक फोटो आम्हाला १२×१८ इंचात छापून फ्रेम करायचा होता. राणी रंगाची पैठणी नेसलेली आत्या ओसरीवर सावलीत बसली आहे आणि मागे झेंडूचं तोरण आहे. आयफोनवर काढलेला हा फोटो फोनवर इतका देखणा दिसत होता, की तसाच लॅबला पाठवावा असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मी तीन फाइली केल्या आणि मोठी प्रिंट काढण्याआधी त्या कागदावर पाहिल्या.

पहिली फाइल म्हणजे फोनमधला फोटो जसाच्या तसा. दुसरीत फक्त रंग `sRGB IEC61966-2.1` या छोट्या रंगपटाच्या प्रोफाइलमध्ये रूपांतरित केले, बाकी कशाला हात लावला नाही. तिसरी कागदासाठी तयार केली: उजेड साधारण पाव ते एक तृतीयांश स्टॉप वाढवला, सावल्या थोड्या उचलल्या आणि फक्त गुलाबी-किरमिजी रंगांचं सॅच्युरेशन उतरवलं.

स्क्रीनवर या तिघींचा क्रम अगदी सरळ लागतो. पहिली सर्वांत झळाळती, दुसरी जरा शांत, तिसरी फिकी. पण ही तुलना स्क्रीन किती उजळ ठेवली आहे त्यावर फिरते. फोन पूर्ण ब्राइटनेसवर असतो तेव्हा त्यातला पांढरा स्वतः पेटलेला असतो, आणि कागदाचा पांढरा खोलीतला जेवढा उजेड परत टाकतो तेवढाच. म्हणून मी लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडलं, शेजारी फोटोपेपरचा कोरा तुकडा धरला आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणला. तो निम्म्याच्याही खाली गेला. त्या उजेडात दुसऱ्या फाइलमधला आत्याचा चेहरा काळवंडलेला दिसायला लागला आणि अंबाड्याच्या जागी नुसता काळा गोळा उरला. ‘स्क्रीनवर छान होता, प्रिंट काळी आली’ अशी जी तक्रार आपण नेहमी ऐकतो, ती बहुतेक वेळा इथूनच येते. त्यात लॅबची चूक असेलच असं नाही.

मग टेस्ट प्रिंट. ४×६ इंचाच्या एका कागदावर दुसऱ्या आणि तिसऱ्या फाइलच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या. त्यासाठी फोटो आधी १२×१८ च्या मापाला नेला (३०० पीपीआयला ३६००×५४०० पिक्सेल) आणि त्यातून अर्धा चेहरा, खांदा आणि पदराची सुरुवात येईल एवढा तुकडा लहान-मोठा न करता कापला. त्यामुळे मोठ्या फ्रेममध्ये दिसेल त्याच मापात सगळं पाहता आलं. कडेला एक करडी पट्टी टाकली, लाल, हिरवा, निळा तिन्ही १२८. पहिल्या फाइलची टेस्ट वेगळ्या कागदावर घेतली, कारण ती या पट्ट्यांत चिकटवली असती तर तिचंही रूपांतर झालं असतं आणि तुलनाच बिघडली असती. कागद मोठ्या प्रिंटसाठी ठरलेलाच, मॅट. लॅबमधल्या दादांना दोनदा सांगितलं, “करेक्शन बंद ठेवा, फाइल जशी आहे तशीच मारा.” मशीनने आपल्या मनाने उजेड-रंग दुरुस्त केले, तर आपण तपासतो ते फाइल नाही, मशीनची आवड.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कागद खिडकीशी ठेवले. थेट ऊन नको, ट्यूबलाइट बंद. आधी करडी पट्टी पाहिली. ती कुठल्याच रंगाकडे झुकलेली नव्हती, म्हणजे लॅबकडून रंगाची झाक आलेली नाही. ती हिरवट किंवा गुलाबी दिसली असती, तर फाइलींची तुलना तिथेच थांबवून आधी लॅबशी बोलावं लागलं असतं.

स्क्रीनवर सगळ्यांत सुंदर असलेली पहिली फाइल कागदावर सगळ्यांत वाईट आली. पूर्ण फोटो धुतल्यासारखा, त्वचा मातकट, झेंडू फिका. आयफोन २०१६ पासून फोटो Display P3 या मोठ्या रंगपटात साठवतो आणि बऱ्याच लॅबची यंत्रणा आलेली प्रत्येक फाइल एसआरजीबी समजून वाचते. आकडे तेच राहतात, पण छोट्या पट्टीने मोजले जातात, म्हणून प्रत्येक रंग उतरतो. प्रिंट फक्त काळी आली तर स्क्रीनच्या उजेडावर संशय घ्यायचा. पण सगळेच रंग सारखे विटलेले असतील तर आधी प्रोफाइल तपासायचं.

खरा निर्णय दुसरी आणि तिसरी यांच्यातच होता. दुसरीचा गुलाबी लांबून जास्त भरलेला वाटतो. कागद हातात घेतला की मात्र खांद्यावरच्या चुण्या नाहीशा झालेल्या दिसतात. फाइलमध्ये आकडे पाहिले तर त्या भागात लाल २५५ ला टेकलेला आणि हिरवा शून्यावर. मूळ फोटोत तिथे गुलाबीच्या पाच-सहा छटा होत्या; छोट्या रंगपटात बसवताना त्या एकाच आकड्यावर कापल्या गेल्या. लॅपटॉपवरही त्या नव्हत्याच, पण स्क्रीनच्या झळाळीत डोळा ते विसरतो. कागदावर तो सपाट गुलाबी ठिगळासारखा उठून दिसतो.

तिसरीत गुलाबीचं सॅच्युरेशन मी मोठ्या रंगपटात असतानाच उतरवलं आणि एसआरजीबीत नंतर आणलं. हा क्रम उलटा करून चालत नाही. छटा एकदा कापल्या गेल्या की नंतर सॅच्युरेशन कमी केलं तरी चुण्या परत येत नाहीत, नुसतं ठिगळ फिकं होतं. तिसरीच्या पट्टीवर प्रत्येक घडी, तिच्या कडेची सावली आणि दोन बुट्ट्यांमधली वीण शाबूत होती.

माझा कल तिसरीकडे होता, पण पैठणी ज्यांची त्यांना विचारलं. आत्याने कपाटातून पैठणीच काढली आणि पट्टीशेजारी ठेवली. “खरी याहून भडक आहे रे,” ती म्हणाली. मग दुसऱ्या पट्टीवर बोट ठेवून, “पण ही तर माझी वाटतच नाही. रेशीम कुठे आहे यात?” तिचं पहिलं म्हणणंही खरं होतं. रेशमाचा तो तेजस्वी गुलाबी मॅट कागदावर पूर्ण उतरणार नाही, कुठल्याच फाइलने. जरीचंही तेच, स्क्रीनवर ती चमकते, कागदावर पिवळट तपकिरी होते. ग्लॉसी कागद घेतला तर काळा अधिक खोल येतो आणि रंग थोडे भरतात, पण काचेच्या फ्रेममागे आणि समोर खिडकी असलेल्या भिंतीवर मला ती चकाकी नको होती.

दुसरी फाइल मी कधी पाठवली असती? फोटो मुळातच उजेडातला असता, त्यात सुती साडी, माती, झाडं असे शांत रंग असते, किंवा प्रिंट दिव्याच्या झोताखाली लागणार असती, तर उजेड वाढवायची गरज नव्हती. तिथे तिसरीसारखी फाइल उगाच फिकी पडते. पहिली फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला ठेवली.

एक बदल शेवटी केला. फ्रेम आत्याच्या दिवाणखान्यात लागणार आणि संध्याकाळी तिथे पिवळा बल्ब असतो. त्या बल्बखाली तिसरी पट्टी धरली तेव्हा गुलाबी तांबूस दिसला, चेहरा थोडा अंधारला. रंग बदलले नाहीत, कारण मग दिवसा ते निळसर दिसले असते. चेहऱ्यावरचा उजेड तेवढा आणखी किंचित वाढवला आणि तीच फाइल मॅटवर, करेक्शन बंद, १२×१८ ला दिली.