एकदाही फोन न केलेल्या उमेदवाराची फी

एकाच जागेसाठी दोन-तीन भरती एजन्सींना काम देणाऱ्या कंपन्यांमधल्या एचआरच्या लोकांसाठी हे लिहितेय. आमच्या बाबतीत उमेदवार बोगस नव्हता. तो खरा होता, हुशार होता आणि आजही आमच्याकडे उत्तम काम करतोय. फसवणूक झाली ती 'हा उमेदवार आमचा' असा दावा करण्यात, आणि त्यापायी एका नेमणुकीसाठी दोन एजन्सींना पैसे गेले.

जागा क्वालिटी इंजिनियरची होती. तीन एजन्सींना एकाच दिवशी जेडी मेल केला. अटी नेहमीच्याच: आगाऊ काही द्यायचं नाही, उमेदवार रुजू झाला की त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ठरावीक टक्के फी, आणि 90 दिवसांच्या आत तो सोडून गेला तर बदली उमेदवार. दोन एजन्सींचा दर 12 टक्के होता, तिसरीचा 10. करारात एक कलम होतं: एजन्सीने परिचय करून दिलेला उमेदवार 12 महिन्यांच्या आत कोणत्याही मार्गाने कंपनीत आला तर फी द्यावी लागेल. असं कलम बहुतेक एजन्सींच्या करारात असतं आणि ते रास्तच आहे. काही कंपन्या एजन्सीकडून प्रोफाइल घेतात, 'जमत नाही' म्हणून कळवतात आणि मग उमेदवाराला परस्पर बोलावून घेतात. त्यात एजन्सीची मेहनत बुडते. पण 'परिचय करून दिला' असं नेमकं केव्हा म्हणायचं, हे आमच्या करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या 10 टक्केवाल्या एजन्सीने बरोबर तिथेच बोट घातलं.

जेडी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा एक्सेल ट्रॅकर आला. चाळीसच्या आसपास नावं. नाव, सध्याची कंपनी, अनुभव, नोटीस पीरियड, अपेक्षित पगार असे रकाने. मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे फुल्या मारून झाकलेले, ईमेल नाही, सीव्ही जोडलेले जेमतेम पाच-सहा. अपेक्षित पगाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: निगोशिएबल. चाळीस माणसांशी खरंच बोलणं झालं असतं तर निदान दहा जणांनी तरी आकडा सांगितला असता. जे सीव्ही होते ते कामाचे नव्हते, त्यामुळे त्या यादीतून कोणालाच बोलावलं नाही.

दुसऱ्या एजन्सीने मोजून चार उमेदवार पाठवले. प्रत्येकासोबत बोलण्याची टिपणं होती: नोकरी का बदलायची आहे, शिफ्ट चालेल का, हातात दुसरी ऑफर आहे का. त्यांतल्या एकाच्या तीन फेऱ्या झाल्या, तो आवडला, रुजू झाला, एजन्सीचं बिल आलं आणि आम्ही ते भरलं.

त्यानंतर त्या 10 टक्केवाल्या एजन्सीचा मेल आला. 'सदर उमेदवाराचा परिचय आमच्या ट्रॅकरमध्ये आधीच करून दिला होता, सोबत बिल जोडले आहे.' ट्रॅकर उघडून पाहिला तर खालच्या ओळींमध्ये त्याचं नाव खरंच होतं, आणि तारीखही दुसऱ्या एजन्सीच्या आधीची.

बिलातही एक खोच होती. आकडे सोपे करून सांगते. निश्चित वार्षिक पगार 100 धरा. दुसऱ्या एजन्सीने त्यावर 12 टक्के, म्हणजे 12 घेतले. 10 टक्केवालीने मात्र त्यात 15 ची कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम आणि 10 चा जॉइनिंग बोनस मिळवला, बेरीज 125 केली आणि त्यावर 10 टक्के लावून 12.5 मागितले. स्वस्त दराची एजन्सी प्रत्यक्षात महाग पडत होती, कारण करारात नुसतं 'वार्षिक पगार' असं लिहिलेलं होतं. शिवाय त्याचं पॅकेज त्यांना कळलं कुठून? आम्ही तर सांगितलं नव्हतं.

मी त्या मुलाला बोलावून विचारलं, "या एजन्सीशी तुझं कधी बोलणं झालं होतं का?"

तो म्हणाला, "मॅडम, नाव पहिल्यांदा ऐकलं ते इथे जॉइन झाल्यावर. मी प्रोफाइलवर नवीन कंपनी टाकली आणि आठवड्याभरात त्यांचा मेसेज आला. अभिनंदन केलं आणि रेकॉर्डसाठी म्हणून पॅकेज विचारलं. मला वाटलं, तुमच्याच बाजूचं कोणी असेल."

मग ट्रॅकरमधली त्याची ओळ त्याच्यासोबत बसून वाचली. सध्याच्या कंपनीच्या रकान्यात त्याने दीड वर्षापूर्वी सोडलेल्या कंपनीचं नाव होतं. नोटीस पीरियड 60 दिवस लिहिला होता, तो त्या जुन्या कंपनीचा. त्यानंतरच्या नोकरीत 30 दिवसांचाच होता. मोबाइलचे जे आकडे झाकलेले नव्हते, ते त्याच्या बंद केलेल्या नंबरचे. एका जॉब पोर्टलवर त्याचं जुनं, कधी अपडेट न केलेलं प्रोफाइल पडून होतं. त्याने ते माझ्यासमोर उघडलं. ओळ हुबेहूब तीच. म्हणजे एजन्सीने पोर्टलवर 'क्वालिटी इंजिनियर' शोधलं, आलेली नावं एक्सेलमध्ये उतरवली आणि कोणालाही न विचारता आमच्याकडे ढकलून दिली. बाजारात नोकरी शोधणाऱ्यांची इतकी नावं एकदम पेरली की त्यातलं एखादं कुठल्या ना कुठल्या मार्गाने कंपनीत येतंच. मग 12 महिने फक्त प्रोफाइलवर नजर ठेवायची.

नंतर त्याच एजन्सीचा दुसऱ्या एका जागेसाठी आलेला ट्रॅकर ताडून पाहिला. बरीचशी नावं तीच होती, फक्त वरचं पदाचं नाव बदललेलं.

हे सगळं पुराव्यासह लिहून कळवलं. त्यावर उत्तर आलं ते वकिलाच्या नोटिशीचं. कलमात उमेदवाराच्या संमतीचा उल्लेख नाही, नाव आधी आम्ही दिलं, विषय संपला. मधल्या काळात त्यांच्या माणसाने त्या मुलाला फोन करून सांगितलं की तुझ्या नेमणुकीचे पैसे थकलेत, त्यामुळे तुझी नोकरी अडचणीत येऊ शकते. तो बिचारा घाबरून माझ्याकडे आला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त संताप आला तो याचा. ज्याच्याशी आपण कधी बोललोच नाही, त्याच्या पोटापाण्याची भीती घालून पैसे वसूल करायचे, हा कुठला धंदा? शेवटी खटल्याचा खर्च आणि वेळ बघून व्यवस्थापनाने बिलाच्या अर्ध्या रकमेवर तडजोड केली.

त्यानंतर आम्ही प्रत्येक एजन्सीचा करार नव्याने केला. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे उमेदवार 'सादर झाला' असं केव्हा धरायचं, हे स्पष्ट लिहिलं. मूळ सीव्ही हवा, न झाकलेला मोबाइल नंबर आणि ईमेल हवा, आणि उमेदवाराने स्वतःच्या ईमेलवरून दिलेली संमती हवी, ज्यात आमच्या कंपनीचं आणि त्या पदाचं नाव असेल. यातलं काहीही कमी असेल तर ते सादरीकरण धरलंच जात नाही. ट्रॅकरमधल्या नुसत्या नावाला किंमत शून्य. हक्काची मुदत 12 ऐवजी 6 महिने केली आणि तीही फक्त त्याच पदापुरती.

सगळे सीव्ही एकाच ईमेलवर येतात. व्यवस्थापकाच्या वैयक्तिक मेलवर किंवा मोबाइलवर पाठवलेला सीव्ही मोजत नाही, कारण तिथे कोण आधी आलं याचा वाद मिटत नाही. आलेला सीव्ही आम्ही मोबाइल नंबर आणि ईमेल या दोन्हींवर आमच्या नोंदींशी ताडून बघतो. नावावर विसंबून चालत नाही. एकच माणूस एका सीव्हीत पूर्ण नाव लिहितो आणि दुसऱ्यात आद्याक्षरं. दोन कामकाजाच्या दिवसांत एजन्सीला लेखी कळवतो की हा उमेदवार नवा आहे की आधीच आलेला. मागच्या 6 महिन्यांत त्याने आमच्याकडे थेट अर्ज केला असेल, तर तो आमचाच. हे उत्तर वेळेत देणं ही आमची जबाबदारी आहे. आपण गप्प बसलो तर एजन्सी 'मान्य' असाच अर्थ काढणार.

तरी एक पेच उरतो. काही उमेदवार दोन एजन्सींना एकाच पदासाठी संमती देतात, कारण दुसरी एजन्सी कंपनीचं नाव न सांगता 'एक नामांकित कंपनी' म्हणते. म्हणूनच संमतीत कंपनीचं नाव सक्तीचं केलं. तरीही दोन संमती आल्या, तर जी पूर्ण कागदांसह आधी पोचली ती धरतो आणि उमेदवारालाही तसं कळवतो.

ब्रीफिंगची पद्धतही बदलली, कारण नावांचा पाऊस पडतो तो बहुतेक वेळा अर्धवट ब्रीफिंगमुळे. आता जेडी मेल करून थांबत नाही. एजन्सीत जो माणूस प्रत्यक्ष फोन करणार आहे त्याच्याशीच बोलतो, त्याच्या साहेबांशी नाही. पगाराची कमाल मर्यादा, शिफ्ट, आधीचा माणूस का सोडून गेला आणि कोणत्या तीन गोष्टी नसतील तर सीव्ही पाठवूच नये, हे सांगतो. मग त्यालाच म्हणतो, "आता मी उमेदवार आहे असं समजून मला ही नोकरी समजावून सांगा." दोन मिनिटांत कळतं की हा माणसांशी बोलणार आहे की पोर्टलवरून नावं उतरवणार आहे. पहिल्या खेपेला पाचच सीव्ही मागतो. त्यांवर आमचा अभिप्राय गेला की पुढचे. चांगल्या एजन्सींना ही मर्यादा जाचक वाटू शकते, म्हणून बदल्यात पहिले दोन आठवडे ती जागा एकाच एजन्सीला देतो. त्यांचे सीव्ही तेव्हापासून खरोखर सुधारलेत. फी कशावर मोजायची तेही लिहिलं: फक्त निश्चित वार्षिक पगारावर, बोनस आणि कामगिरीची रक्कम वगळून.

त्या 10 टक्केवाल्या एजन्सीला हा नवा करार पाठवला होता. संमतीचं कलम काढा, मग सही करतो, असं त्यांचं उत्तर आलं. आम्ही काम थांबवलं.

तुमच्याकडे असं बिल आत्ता येऊन पडलं असेल, तर त्यावर फोनवर काहीही बोलू नका. 'बघतो', 'करू काहीतरी' हेसुद्धा नको. लेखी उत्तरात फक्त एवढं मागा: उमेदवाराशी बोलणं कोणत्या तारखेला झालं, कोणत्या नंबरवर झालं आणि त्याची संमती कुठे आहे. मूळ ट्रॅकर ज्या मेलसोबत आला तो मेल जसाच्या तसा जपून ठेवा, डाउनलोड केलेली फाइल पुरत नाही. उमेदवाराकडून त्याच्या बाजूची हकीकत त्याच्याच ईमेलवरून त्याच आठवड्यात लिहून घ्या आणि एजन्सीचा फोन आला तर तुमच्याकडे पाठवायला सांगा. जुनं पोर्टल प्रोफाइल असेल तर त्याने ते अपडेट करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आमच्या हातात तो होता म्हणूनच पूर्ण बिलाचं अर्ध्यावर आलं.