पाचवीच्या वर्गात कापड रंगवायचं: हळद, बीट की झेंडू?

एकच जोड तासिका हाताशी असेल तर हळद घ्या. दोन दिवस मिळत असतील तर झेंडू. बीट घ्यायचं ते मुलांना फसणारा रंग दाखवायला, त्यात रुमाल रंगवून घरी द्यायला नाही.

कापड तिन्हींसाठी एकच, पांढरं सुती. नवं मांजरपाट असेल तर आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्याची खळ काढा, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो आणि दोष बिचाऱ्या हळदीला जातो.

हळद सुती धाग्याला थेट धरते, तुरटीही लागत नाही. लिटरभर पाण्यात दोन चमचे पूड उकळून फडक्यातून गाळायची, कारण ती पाण्यात नीट विरघळत नाही आणि कण कापडावर चिकटतात. वीस मिनिटांत झगझगीत पिवळा मिळतो. कापडावर साबणाचं पाणी टाकलं की पिवळ्याचा लालसर तपकिरी होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. पाचवीची मुलं यावरच खूश असतात. पण हा रंग उन्हाला अजिबात टिकत नाही.

बीट भांड्यात सगळ्यात देखणं दिसतं. त्याचा रंग पाण्यात सहज उतरतो आणि तितक्याच सहज कापडातून निघूनही जातो. उकळलं तर तपकिरीकडे झुकतं, म्हणून किसून कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ठेवायचं. तरी एका धुण्यात गुलाबीचा फिका मळकट रंग उरतो.

झेंडूला तयारी लागते. दसऱ्यानंतर उतरवलेले हार चालतात, फक्त दोरा आणि हिरवे देठ काढा. शंभर ग्रॅम कोरड्या कापडासाठी पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दोनशे ग्रॅम ताज्या पाकळ्या अर्धा तास उकळून, गाळून, त्या गरम पाण्यात कापड आणखी अर्धा तास. तुरटीतलं ॲल्युमिनियम धागा आणि रंग यांना जोडतं, म्हणून हा पिवळा धुण्याला बऱ्यापैकी टिकतो. भांडं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत तो शेवाळी होतो. ते मुद्दाम करून दाखवायचं असेल तर वेगळं करा.

गॅसजवळ मोठ्या माणसानेच उभं राहायचं. मुलांचं काम पाकळ्या तोडणं, वजन करणं आणि मुख्य म्हणजे तपासणं. प्रत्येक रंगाच्या पट्टीचे तीन तुकडे करायचे: एक वहीत चिकटवायचा, एक साबणाने धुवायचा, एक अर्धा पुठ्ठ्याने झाकून खिडकीत उन्हात आठवडाभर ठेवायचा. पुठ्ठा काढल्यावर हळदीच्या तुकड्यावर झाकलेल्या आणि उघड्या भागातली रेघ सगळ्यात ठळक दिसते. झेंडूचाही रंग थोडा उतरतो, पण सावकाश.