क्रिटामधला क्लिपिंग मास्क, आठ महिन्यांनंतर: बैलाचं सागवान पोस्टरभर पसरलं त्या रात्रीपासून

तान्ह्या पोळ्याला तीन दिवस राहिले होते. रात्री साडेअकराला आमच्या कॉलनीच्या पोस्टरवर काठापासून काठापर्यंत सागवान पसरलं. ते फक्त बैलावर हवं होतं. सकाळी दहाला फाइल सीताबर्डीच्या प्रिंटवाल्याकडे द्यायची होती. ती रात्र घडली नसती तर हा अनुभव लिहायला बसलेच नसते.

जानेवारीपासून क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते आहे. त्याआधी दर महिन्याला पैसे भरून दुसरं सॉफ्टवेअर वापरायची, पण चार लेबलं आणि दोन पत्रिकांसाठी ते पैसे जाताना जीव तुटायचा. क्रिटा फुकट आहे. ब्रश, फिल्टर यांबद्दल इथे काही लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. माझं सगळं भांडण एकाच गोष्टीशी झालं: आकारात टेक्स्चर अडकवणं.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात. म्हणून पोस्टरवरचा बैल लाकडाचाच दिसायला हवा होता. आजीचा सागवानी पाट बाल्कनीत सकाळच्या तिरप्या उन्हात ठेवून फोटो काढला. रेषा इतक्या छान उठल्या की पाटाच्या कडेला पडलेला जुना चुन्याचा डागसुद्धा ठेवून द्यावासा वाटला. एका लेअरवर बैलाची सपाट आकृती, तिच्यावर पाटाचा फोटो, आणि फोटो बैलापुरता कापायचा. काम एवढंच.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वरचा लेअर क्लिप केला की तो थेट खालच्या एका लेअरच्या आकारात बसायचा. लेअर थोडा आत सरकायचा, शेजारी बाण दिसायचा, कोण कोणाला बांधलंय ते डोळ्यांना कळायचं. क्रिटामध्ये लेअरच्या ओळीत α चं चिन्ह असतं, नाव Inherit Alpha. ते दाबलं की टेक्स्चर बसतं. मी समजले, तेच काम, नाव फक्त वेगळं. सात महिने तसंच समजत राहिले, कारण माझी बहुतेक कामं स्टिकरची असतात: मागे काही नाही, पारदर्शक, मधे एक आकार.

एक खूण एप्रिलमध्येच दिसली होती. लोणच्याच्या बरणीच्या लेबलवर गोणपाटाचं टेक्स्चर गोलात टाकलं, तर त्या गोलाखाली काढलेल्या कैरीच्या पानावरही गोणपाट आलं. मी पानाचा लेअर ओढून वर नेला आणि पुढे गेले. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

त्या रात्री मंडळाच्या काकांचा फोन आला. "ताई, मागं पांढरं काहून ठेवलं? जरा सायीसारखा रंग टाका ना, शोभून दिसंल." मागे पांढरं नव्हतंच, काहीच नव्हतं, त्यांच्या मोबाइलवर ते पांढरं दिसत होतं. मी सगळ्यात खाली एक लेअर घेतला, सायीचा रंग ओतला, आणि लाकूड कागदभर झालं. तारीख बैलाच्या खालच्या लेअरवर होती, ती लाकडाखाली गडप. α तीनदा बंद-चालू केलं. प्रोग्राम दोनदा बंद करून उघडला. शेवटी वैतागून सायीच्या लेअरचा डोळा बंद केला, तर लाकूड मागे हटलं. बैलावर आलं आणि तारखेच्या अक्षरांतही दिसलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

Inherit Alpha खालच्या एका लेअरचा आकार घेत नाही. तो लेअर ज्या गटात असेल त्या गटात, आणि गट नसेल तर सगळ्या फाइलमध्ये, त्याच्या खाली जे जे काही आहे, त्या सगळ्यांचा मिळून जो आकार होतो, तो घेतो. साय पूर्ण कागदावर होती, म्हणून लाकडालाही पूर्ण कागद मिळाला. कैरीच्या पानाचं कोडंही तिथेच सुटलं. बिघाड काहीच नव्हता, मी जुनी सवय घेऊन बसले होते. आणि नवीन फाइल घेतली की क्रिटा खाली सहसा एक भरलेला Background लेअर देतो, म्हणजे नवख्याला हे पहिल्याच दिवशी भोवणार.

उपाय गटाचा. बैलाचा लेअर निवडून Ctrl+Shift+G दाबायचं (Quick Clipping Group). क्रिटा एक गट करतो, तळाशी बैल, वर α चालू असलेला रिकामा लेअर. लाकडाचा लेअर त्या रिकाम्या लेअरच्या जागी ओढायचा, त्याचं α चालू आहे ना ते बघायचं, रिकामा काढून टाकायचा. आता लाकडाला गटाबाहेरचं काही दिसत नाही, साय नाही, तारीख नाही. लाकडाचा लेअर Multiply वर, म्हणजे खालच्या रंगात मिसळून गडद होणाऱ्या पद्धतीवर ठेवला, तरी तो फक्त बैलाच्या रंगाशी मिसळतो, खाली कागदापर्यंत जात नाही. हे मला फार आवडलं, कारण बैलाचा रंग बदलून लाकूड गडद-फिकं करता येतं आणि बाकी पोस्टरला धक्का लागत नाही.

रात्री एक वाजता वाटलं, झालं. मग बैलाच्या पायाखाली मऊ सावली काढली, आणि सावलीत सागवानाच्या रेषा उमटल्या. सावलीचा लेअर गटातच, लाकडाच्या खाली ठेवला होता, म्हणजे तीही आकाराचा भाग झाली. अर्धी पारदर्शक सावली म्हणून लाकूडही अर्धं पारदर्शक. सावली गटाच्या बाहेर, खाली नेली की प्रश्न मिटतो. झूल आणि घुंगरांचं उलट: ती लाकडाच्या वर, म्हणजे त्यांच्यावर रेषा येत नाहीत.

इथपर्यंत मी एक तारा द्यायचा ठरवलं होतं. सकाळी सात वाजता मत बदललं. मंडळातल्या काकूंचा निरोप आला की शिंगं आखूड आहेत, खोंडासारखा दिसतो. मी तळाच्या लेअरवर ब्रशने शिंगं लांबवली, आणि ब्रश जिथे जाईल तिथे सागवान आपोआप भरत गेलं. लाकडाच्या फोटोवर वेगळा मास्क लावला असता तर तो जुन्याच शिंगांवर थांबला असता, पुन्हा कोरावा लागला असता. मग फोटोचा लेअर थोडा फिरवला, म्हणजे रेषा पाठीच्या कण्याच्या दिशेने वळल्या. बैलाची कड जागची हलली नाही. डाव्या शिंगाच्या टोकाला मात्र खालचा सपाट तपकिरी रंग उघडा पडला, कारण फोटो तिथपर्यंत पोचतच नव्हता. क्लिपिंग फक्त कापतं, कमी पडलेलं भरून देत नाही. फोटो आणखी सरकवला.

इथे फोटो मोठा करण्याचा मोह टाळा. A3 कागद 300 डीपीआयला 3508 × 4961 पिक्सेल लागतो. माझा फोटो 4000 × 3000 चा होता, बैलाला पुरला. दुपटीने ताणून पाहिला तर रेषा धुरकट झाल्या, आणि हे स्क्रीनवर पूर्ण पोस्टर बघताना कळत नाही, 100% वर नेऊनच बघावं लागतं.

फाइल साडेनऊला गेली. मूळ .kra माझ्याकडे ठेवली, प्रिंटवाल्याला PNG दिलं. त्याच्याकडे लेअर पोचलेच नाहीत, त्यामुळे तिथे काही सुटायचा प्रश्न नव्हता.

तीन तारे देते आहे. दोन कापले ते एवढ्यासाठी की गट मिटलेला असला तर आत कोणता लेअर कापलेला आहे हे बाहेरून कळत नाही. उघडून α बघावं लागतं. आता मी गटाच्या नावातच लिहिते: "बैल – लाकूड आत".