डावखुरा पोरगा उजवीकडे की डावीकडे?

कोल्हापुरात शाळेचा फुटबॉल संघ सांभाळणारा माझा एक मित्र परवा फोनवर म्हणाला, "अरे, यंदा एक डावखुरा मिळालाय. पाय असा की बघतच राहावं. डाव्या विंगला ठेवू की उजव्या?"

मी विचारलं, "तुझा उजवा बॅक कसा पळतो?"

तो वैतागला. "मी विंगरचं विचारतोय, तू बॅकचं काय काढलंस?"

वैताग बरोबर होता, पण माझा प्रश्नही चुकीचा नव्हता. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेनं हल्ला करणारा, बॅक म्हणजे त्याच कडेला मागे राहून बचाव करणारा. डावखुऱ्याला डावीकडे ठेवलं तर तो सरळ विंगर. रेषेला धरून पळायचं आणि चांगल्या पायानं क्रॉस, म्हणजे गोलसमोर आडवा चेंडू, टाकायचा. त्यालाच उजवीकडे नेलं की तो उलटा विंगर होतो. बाहेरून चेंडू घ्यायचा, आत वळायचं आणि त्याच डाव्या पायानं गोलवर मारायचा. वरवर पाहता एका पोराची जागा बदलली, पण त्यामुळे गोलकीपर सोडून उरलेल्या नऊ जणांचं काम बदलतं.

आधी आत वळण्यात नेमकं काय मिळतं ते पाहू. फुटबॉलचा गोल 7.32 मीटर रुंद असतो आणि गोलसमोरच्या मोठ्या बॉक्सची बाजूची रेषा खांबापासून 16.5 मीटरवर. बॉक्सच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूला दोन खांबांमधला कोन साधारण 10 अंशांचा दिसतो. तो सरळ रेषेकडे पळत गेला आणि गोललाइनपासून 5 मीटरवर, गोलच्या मध्यापासून 15 मीटर बाजूला पोचला, तर कोन 9 अंशांवर येतो. म्हणजे गोलच्या इतक्या जवळ जाऊनही गोल मोठा दिसत नाही. तिथून मारण्यापेक्षा पास देणं शहाणपणाचं. तोच खेळाडू कोपऱ्यातून आडवा आत सरकला, गोलपासून 18 मीटर अंतर राखून मध्यापासून 10 मीटरवर आला, तर कोन 18 अंशांच्या आसपास होतो. गोलच्या जवळ न जाताही गोल जवळजवळ दुप्पट उघडतो.

पण नुसता कोन मिळून भागत नाही, चेंडू पायाशी राहायला हवा. उजव्या विंगवरून आत आडवं पळताना गोल आणि बचाव करणारा बॅक, दोघंही विंगरच्या उजव्या हाताला असतात. डावखुऱ्याचा चेंडू डाव्या पायावर, म्हणजे बॅकपासून लांब राहतो आणि मधे त्याचं स्वतःचं अंग येतं. उजव्या पायाचा खेळाडू तिथेच आत वळला तर चेंडू बॅकच्या समोर येतो. शिवाय डावा बॅक बहुधा डावखुराच असतो. आत वळणाऱ्याला अडवायला त्याला उजवा, म्हणजे कच्चा पाय पुढे घालावा लागतो.

मारतानाही फायदा आहे. डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं मारलेला चेंडू लांबच्या खांबाच्या बाहेर जातोय असं वाटतं आणि शेवटी आत वळतो.

हे सगळं एका माणसात बघायचं तर आर्यन रॉबेन. ऑगस्ट 2009 मध्ये तो रेआल माद्रिदमधून बायर्न म्युनिखला आला. डावखुरा, खेळायचा उजव्या विंगवर. पलीकडच्या डाव्या विंगवर उजव्या पायाचा फ्रँक रिबेरी. मार्च 2010 मध्ये फ्लोरेन्सला फिओरेंटिनाविरुद्ध बायर्न 3-2 हरला, तरी बाहेरच्या मैदानावरच्या गोलांमुळे पुढे गेला. त्यातला एक गोल रॉबेनचा. उजवीकडून आत आला आणि लांबून डाव्या पायानं मारला. तो हे करणार हे युरोपातल्या प्रत्येक डाव्या बॅकला माहीत होतं. मग अडवत का नव्हते?

कारण बाहेरून फिलिप लाम पळत असायचा. लाम उजव्या पायाचा, पण त्याआधी बराच काळ डावीकडे खेळलेला. प्रशिक्षक लुई व्हान हालनं त्याला 2009-10 च्या हंगामात उजवीकडे आणलं. आता समोरच्या बॅकची पंचाईत बघा. रॉबेनच्या आतल्या बाजूला उभं राहावं, तर बाहेरून लाम मोकळा, आणि तो चांगल्या पायानं क्रॉस टाकणार. लामकडे बघावं, तर रॉबेन आत. हा निर्णय बॅकला अर्ध्या सेकंदात घ्यायचा असतो. लामला चेंडू मिळाला नाही तरी चालतं. त्याच्या पळण्यानं बॅकचं एक पाऊल बाहेर पडलं की पुरे. खरं सांगायचं तर अशा गोलांचं अर्धं श्रेय ज्याला पासही मिळाला नाही त्याचं असतं, आणि ते कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

सरळ विंगरच्या संघाची घडण वेगळी असते. 1998-99 चा मँचेस्टर युनायटेड घ्या. उजवीकडे उजव्या पायाचा बेकहॅम, डावीकडे डावखुरा गिग्ज, मधे यॉर्क आणि कोल असे दोन स्ट्रायकर. लीगमध्ये यॉर्कचे 18 गोल आणि कोलचे 17. बेकहॅमचे 6, गिग्जचे 3. विंगर पुरवणार, स्ट्रायकर मारणार, अशी सरळ वाटणी. उजवीकडून उजव्या पायानं टाकलेला क्रॉस गोलकीपरपासून दूर वळतो आणि धावत येणाऱ्याच्या डोक्याकडे जातो, म्हणून हेडर करणाऱ्याला तो आवडतो. बेकहॅमला बॅकला चकवून गोललाइनपर्यंत जायची गरजही फारशी पडायची नाही. हातभर जागा मिळाली की तिथूनच चेंडू जायचा.

त्याच्या शेजारी 2018-19 चा लिव्हरपूल ठेवा. उजवीकडे डावखुरा सालाह, डावीकडे उजव्या पायाचा माने. लीगमध्ये दोघांचे 22-22 गोल. मधला स्ट्रायकर फिर्मिनो, त्याचे 12. आणि गोलसाठीचे पास? उजवा बॅक अलेक्झांडर-आर्नल्डचे 12, डावा बॅक रॉबर्टसनचे 11. बेकहॅमचं काम बॅककडे गेलं, यॉर्कचं विंगरकडे. फिर्मिनो मात्र खाली उतरून चेंडू घ्यायचा, म्हणजे सेंटर बॅक त्याच्या मागे ओढला जायचा आणि त्या फटीत सालाह शिरायचा. उलट्या विंगरचा आकार म्हणतात तो हाच. रुंदी बॅक देतात, मधली गर्दी विंगर करतात, आणि नऊ नंबरचा, म्हणजे मधला स्ट्रायकर, जागा करून देतो.

म्हणून तुमचा स्ट्रायकर उंच आणि हेडरवर जगणारा असेल तर उलटा विंगर त्याला उपाशी ठेवू शकतो. त्याला डाव्या पायाचे क्रॉस मिळतील, पण ते आत, गोलकडे वळणारे आणि लांबून येणारे असतील. त्यांचा फायदा वेगळा. कुणाचा स्पर्श झाला नाही तरी चेंडू लांबच्या खांबाकडे जातो, त्यामुळे गोलकीपरला पुढे यावं की थांबावं ते कळत नाही. मात्र त्यासाठी लांबच्या खांबावर कुणीतरी पोचायला हवं, आणि शाळेच्या संघात पलीकडचा विंगर तेवढ्यात कंबरेवर हात ठेवून उभा असतो.

आता बिघडतं कुठे ते. 22 मे 2010 ला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला, बायर्न विरुद्ध इंटर मिलान. रिबेरी निलंबित. म्हणजे दुसऱ्या बाजूची धास्ती कमी, आणि इंटरला रॉबेनच्या बाजूला माणसं झुकवणं सोपं. चेंडू बहुतेक वेळ बायर्नकडे होता. रॉबेन आत वळायचा तेव्हा बॅकच्या मागे आणखी एकजण, त्याच्यामागे आणखी कुणी. दुसऱ्या हाफमध्ये त्याचा एक वळणदार फटका लांबच्या कोपऱ्यात जात होता, तो ज्युलिओ सेझारनं झेपावून बाहेर काढला. इंटर 2-0 जिंकला, दोन्ही गोल मिलितोचे.

यातून बिघाडाची दोन चिन्हं ओळखता येतात. पहिलं, विंगर आत येतो, मारतो आणि चेंडू बचाववाल्याच्या पायाला लागून परत येतो. असं तीन-चारदा झालं तर समोरच्यांनी आतला रस्ता बंद केलाय आणि बाहेरून कुणी जात नाहीये. दुसरं जास्त महाग पडतं. बॅक वर गेलेला असताना चेंडू हरवला की त्याच्यामागची जागा रिकामी राहते. समोरच्याचा एक लांब पास आणि तुमचे सेंटर बॅक उघडे. ती जागा सांभाळायला मधला एक खेळाडू कायम मागे ठेवावा लागतो. 2013 च्या बायर्नमध्ये श्वाइनश्टायगर आणि हावी मार्तिनेझ ही जोडी होती म्हणून लाम आणि डावा बॅक अलाबा निवांत वर जात. त्या वर्षी वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रॉबेननं 89 व्या मिनिटाला डॉर्टमुंडविरुद्ध विजयी गोल केला. गंमत म्हणजे तो आत वळून मारलेला नव्हताच. रिबेरीनं टाचेनं सोडलेल्या चेंडूवर तो मधूनच शिरला होता.

भारतातही ही मांडणी दिसते. सुनील छेत्री, उजव्या पायाचा, बेंगळुरू एफसीत डावीकडून आत यायचा. 2017-18 च्या आयएसएलमध्ये त्याचे 14 गोल झाले आणि मधल्या मिकूचे 15. मुंबई सिटीचा डावखुरा छांगटे उजवीकडून आत येतो. टीव्हीवर बघताना चेंडू सोडून त्याच्या मागचा बॅक काय करतो तेवढं दहा मिनिटं बघा.

मित्राला मी शेवटी दोन बाजू अशा मांडून दिल्या. पोराला डावीकडे ठेव, जर तुझा स्ट्रायकर हेडर मारतो, बॅक दमतात आणि मधे मागे थांबणारा शिस्तीचा कुणी नाही. त्याला उजवीकडे ठेव, जर उजवा बॅक सत्तर मिनिटं वर-खाली करू शकतो आणि क्रॉस टाकू शकतो, आणि पोराला लांबून मारता येतं. नुसता वेग असून फटका नसेल तर उलटा विंगर म्हणून तो आत येऊन गर्दीत हरवेल. मैदान लहान असेल किंवा सेव्हन-अ-साइड असेल तर मी सरळच लावीन. तिथे आतमध्ये आधीच जागा नसते, त्यात आणखी एक माणूस कशाला? दोन्ही बाजू एकसारख्या करायचीही सक्ती नाही. एकीकडे उलटा, दुसरीकडे सरळ, म्हणजे एकजण तरी रेषेवर राहतो आणि समोरचा बचाव ताणलेला राहतो.

आणि एक मोजायला सांगितलं. सरावाच्या सामन्यात पोरगा आत वळला की वहीत रेघ. त्याच वेळी बॅक त्याच्या बाहेरून पुढे पळालेला असेल तर त्या रेघेवर फुली.

रविवारी रात्री वहीचा फोटो आला. अकरा रेघा, फुल्या तीन. खाली पेन्सिलनं लिहिलेलं, "बॅकला नववीतला दुसरा पोरगा लावून बघतो."