VOSviewer आठ महिने वापरल्यावर: नकाशातला गोल मोठा का दिसतो

गेले आठ महिने मी VOSviewer जवळजवळ रोज उघडतेय. प्रबंधातलं साहित्य-आढाव्याचं प्रकरण लिहायचं होतं, विषय विज्ञानमापन, म्हणजे संशोधनाचं आकड्यांतून मोजमाप. आधीच्या खर्ड्यावर मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं होतं: "या क्षेत्रात कोणाचा शब्द चालतो, आणि हे तू कशावरून म्हणतेस?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना संशोधनलेखांच्या संदर्भांवरून नकाशे काढणारं हे सॉफ्टवेअर हातात आलं. लायडन विद्यापीठातल्या नीस यान व्हॅन एक आणि लुडो वॉल्टमन यांनी ते बनवलंय, आणि ते मोफत आहे.

सुरुवात सोपी वाटते. वेब ऑफ सायन्स या संशोधनलेखांच्या डेटाबेसमधून नोंदी उतरवायच्या, Create दाबायचं, फाइल्स द्यायच्या, Co-citation आणि Cited authors निवडायचं. दोन लेखकांचा उल्लेख एकाच लेखाच्या संदर्भयादीत आला की त्यांच्यात एक धागा जोडला जातो. असे हजारो धागे जमले की रंगीत गोलांचा नकाशा तयार होतो: प्रत्येक लेखकाचा एक गोल, वजन जितकं जास्त तितका तो मोठा. संदर्भयादीसकट नोंदी एका वेळी 500च उतरतात, त्यामुळे तुकडे करावे लागतात. माझा एक तुकडा राहून गेला होता. यादी नव्याकडून जुन्याकडे लावलेली होती, म्हणून नेमके जुने लेखच गळले आणि नकाशा विचित्र तरुण दिसत होता. आता मी आधी नोंदींची बेरीज जुळवते, मगच पुढे जाते.

पहिला नकाशा बघून मी थेट लिहायला बसले असते, पण डेरेक डी सोला प्राइस मला कुठे दिसेनात. 1963 आणि 1965 मधल्या ज्यांच्या लेखनावर हे क्षेत्र उभं आहे, तो माणूस नकाशात एवढासा? झूम केल्यावर कळलं, प्राइस होते, पण तुकड्यातुकड्यांत. कोणी आडनाव 'प्राइस' धरलेलं, कोणी 'डी सोला प्राइस', कोणी आद्याक्षरं वेगळी लिहिलेली. प्रत्येक रूपाचा वेगळा गोल झालेला, आणि काही रूपं तर 20 उल्लेखांच्या मूळ मर्यादेखाली राहून नकाशात आलीच नव्हती. यावर उपाय म्हणजे थिसॉरस फाइल, एकाच नावाची वेगवेगळी रूपं एकत्र करणारी: साधी मजकूर फाइल, दोन स्तंभ, मध्ये टॅब. टॅबऐवजी स्पेस दिली तर चालत नाही.

```
label	replace by
de solla price, d	price, djd
desolla price, d	price, djd
solla price, d	price, djd
```

डावीकडे लेबल पडद्यावर जसं दिसतं अगदी तसंच लिहायचं. नुसतं 'price, d' मात्र मी मुद्दाम घातलं नाही, कारण ते दुसऱ्या कोणा प्राइसचंही असू शकतं. अशा नावाचे मूळ संदर्भ उघडून बघावे लागतात. या एका कामात माझा आठवडा गेला, आणि त्या आठवड्याने नकाशा जितका बदलला तितका दुसऱ्या कशानेही बदलला नाही.

यानंतरची अडचण थिसॉरसने सुटत नाही. वेब ऑफ सायन्सच्या संदर्भयादीत फक्त पहिल्या लेखकाचं नाव येतं. म्हणजे व्हॅन एक आणि वॉल्टमन यांच्या 2010 च्या लेखाचं सगळं श्रेय नकाशात व्हॅन एक यांच्या गोलात जातं, वॉल्टमन यांना त्यातलं काहीच मिळत नाही. जिथे कायम दुसऱ्या-तिसऱ्या नावावर राहून काम करणारी माणसं आहेत, तिथे हे फार अन्यायाचं होतं. स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसच्या नोंदींत बाकीचे लेखकही असतात, म्हणून तोच शोध तिथे पुन्हा करून दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत असं माझं ठाम मत झालंय.

त्याच व्हॅन एक यांच्या गोलाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. जो कोणी VOSviewer वापरतो तो 2010 चा लेख संदर्भात देतो. त्यामुळे ज्या क्षेत्रात असे आढावे बरेच लिहिले गेलेत, तिथे विषय कुठलाही असो, हे नाव नकाशात उगवतं. शेजारी बहुधा आरिया आणि कुकुरुलो (2017) आणि डोन्थू (2021) असतात. असा गट दिसला की समजावं, ही साधनं सांगणारी नावं आहेत. माझा विषयच विज्ञानमापन असल्यामुळे मला त्यांना काढून टाकता येईना, म्हणून मी त्यांची वेगळी नोंद केली.

जॉर्ज हर्श यांचं उलट झालं. गोल भलामोठा. पण Cited authors ऐवजी Cited references निवडून नकाशा पुन्हा काढला, तर जवळजवळ सगळं वजन 2005 च्या एका लेखात, संशोधकाचं काम एका आकड्यात मोजणारा एच-निर्देशांक मांडणाऱ्या. सायटेशन-निर्देशांक सुरू करणाऱ्या यूजीन गारफील्ड यांचं वजन मात्र अनेक लेखांत वाटलेलं. दोघांचे गोल मोठे, पण एकाच्या मागे एक कल्पना आहे आणि दुसऱ्याच्या मागे दशकांचं काम. "वर्चस्व" हा शब्द दोघांना सारखाच लावायला मी आता तयार नाही.

मोजणीची पद्धत मी तीन महिने बघितलीच नव्हती, ती Full counting वर होती, म्हणजे प्रत्येक जोडीला पूर्ण वजन. हिशेब करून बघा. 30 लेखकांचा उल्लेख करणारा लेख 435 जोड्या तयार करतो. 300 लेखकांचा उल्लेख करणारा मोठा आढावा 44,850 जोड्या तयार करतो. एका आढाव्याचं वजन शंभराहून जास्त साध्या लेखांएवढं! Fractional counting निवडलं की लांब संदर्भयाद्यांचा हा जोर कमी होतो. मी Weights मध्ये Total link strength ठेवून दोन्ही नकाशे काढले, तेव्हा काही नावं पार खाली घसरली. ती सगळी दोन-तीन लांबलचक आढाव्यांनीच वर आणलेली निघाली.

विषयांच्या नकाशाबद्दल थोडक्यात. शोधशब्दच की-वर्ड म्हणून मधोमध बसतो, कारण तो सगळ्याच लेखांत असतो. मी तो निवडीच्या यादीत टिक काढून वगळते. आणि गटांची संख्या हा काही निसर्गनियम नाही. गट किती बारीक पाडायचे हे Resolution ठरवतं; ते 1.00 वर असताना मला पाच गट दिसत होते, थोडं वाढवल्यावर सात. जे गट दोन्ही वेळा टिकले त्यांच्याबद्दलच मी प्रकरणात ठामपणे लिहिलं. नकाशाची डावी-उजवी बाजूही अर्थाची नाही, तो फिरवला तरी तोच राहतो.

एक मर्यादा मात्र साधनाची नाही, पद्धतीचीच आहे. को-सायटेशन नव्या माणसाला बघू शकत नाही, कारण उल्लेख साचायला वर्षं लागतात. त्यासाठी बिब्लिओग्राफिक कपलिंग आहे, केसलर यांनी 1963 मध्ये मांडलेलं. दोन लेखांच्या संदर्भयाद्या जितक्या सारख्या, तितकं त्यांचं नातं घट्ट. इथे कालचा लेखही लगेच जोडला जातो. गेल्या पाच वर्षांच्या लेखांवर मी हे चालवलं आणि एक छोटा, घट्ट गट सापडला, मुक्त सायटेशन डेटावर काम करणाऱ्यांचा. लेखकांच्या जुन्या नकाशात त्यातलं एकही नाव नव्हतं. प्रकरणाचा शेवटचा भाग मी त्या गटाचे लेख एकेक करून वाचून लिहिला.