सेट-टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग परत काढून देतो म्हणाला आणि २१,९८० रुपये घेतले

हे लिहू की नको, असं दोन आठवडे चाललं होतं. बँकेत अठरा वर्षं काउंटरवर बसतेय, रोज लोकांना सांगते ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, आणि मीच गंडले. घरात आईला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण उद्या दुसरं कुणी त्याच जिन्याने वर जाऊ नये म्हणून लिहिते.

माझे बाबा भांडुपला भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. २०१६ च्या आषाढीला एका मराठी चॅनेलवर मंडळाचा बावीस मिनिटांचा कार्यक्रम लागला होता, तो मी बॉक्सवर रेकॉर्ड करून ठेवला. बाबा २०२१ ला गेले. तेव्हापासून आई दर एकादशीला ते लावून बसायची. बाबांचं चालतंबोलतं असं आमच्याकडे तेवढंच होतं, माझ्या लग्नाच्या सीडीत ते फक्त पंगतीत वाढताना दिसतात.

यंदा जूनमध्ये लाइट सारखी जात येत होती आणि बॉक्स हँग व्हायला लागला. कस्टमर केअरला फोन केला, मुलगी म्हणाली सेटिंगमध्ये जाऊन हार्डडिस्क फॉरमॅट करा मॅडम, नीट होईल. रेकॉर्डिंग जातील हे तिने सांगितलं नाही. मी केलं. बॉक्स नीट झाला आणि यादी रिकामी. परत फोन केला तर म्हणे रेकॉर्डिंगची जबाबदारी कंपनीची नाही, अटी वाचा. नऊ वर्षं पैसे भरतोय, आणि एका वाक्यात मोकळे!

त्या रात्री झोप नाही. नेटवर शोधलं, लॅमिंग्टन रोडला एक गाळा सापडला, पहिला मजला, बाहेर डेटा रिकव्हरीचा बोर्ड, आत टेबलावर उघड्या डिस्क मांडलेल्या. माणूस एकदम मऊ बोलणारा. म्हणाला, 'ताई, फॉरमॅट म्हणजे फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच असतात.' हे खरंच आहे, म्हणून तर विश्वास बसला. मी म्हटलं बॉक्सही आणते, तर म्हणाला बॉक्सचं काय करायचंय, फक्त डिस्क द्या. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सांगते.

तपासणी १,१८० रुपये, म्हणजे हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. बिल मिळालं, पण त्यावर जीएसटी नंबरच नव्हता, आणि यूपीआयवर नाव दुकानाचं नाही, कुणा बाईचं. मग ६,५०० अॅडव्हान्स. चार दिवसांनी फोन, डिस्क 'क्लीन रूम'मध्ये उघडावी लागेल, ९,८०० भरा. भरले. आता मला कळतंय की क्लीन रूम लागते ती डिस्क आतून मोडली असेल, कटकट आवाज करत असेल, फिरतच नसेल तेव्हा. माझी डिस्क तर चांगली चालत होती! काढून देईपर्यंत तीन दिवस बॉक्समध्ये सिरियल रेकॉर्ड होत होत्या. चालणारी डिस्क उघडायला मी पैसे दिले.

आणि आता तो क्षण, ज्याने मला आतून जाळलंय. १२ जुलैला त्याने व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट पाठवला, 'ताई मिळालं'. फाइलचं नाव होतं 'बाबा पखवाज आषाढी'. मी आईला दाखवला, आई रडायला लागली. त्याच फोटोत खाली डिस्कचा आकार स्पष्ट दिसत होता, ९३१ जीबी. माझी डिस्क ५०० जीबीची, मी स्वतः स्क्रू काढून बाहेर काढली होती, लेबल वाचलं होतं. ५०० ची डिस्क कॉम्प्युटर ४६५ दाखवतो, ९३१ दाखवतो ती एक टीबीची. दुसऱ्याच डिस्कचा फोटो होता तो. आणि फाइलचं नाव? बॉक्स नाव देतो ते चॅनेलच्या कार्यक्रमाच्या यादीतलं, 'बाबा पखवाज' हे मी त्याला मेसेजमध्ये लिहिलेले शब्द होते. सगळं डोळ्यासमोर होतं, पण आई शेजारी रडत होती आणि मी आकडे बघितले नाहीत. तुम्ही बघितले असते? मला नाही वाटत.

त्यानंतर 'फाइल लॉक आहे, चावी विकत घ्यावी लागेल' म्हणून ४,५००. मग फोन बंद. गाळ्यावर गेले तर तिथला पोरगा डिस्क हातात देऊन म्हणाला, शेठ गावाला गेलेत. एकूण २१,९८०.

नंतर ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने दादरचे एक जुने टेक्निशियन भेटले. त्यांनी एक पैसा घेतला नाही, दहा मिनिटांत सांगितलं. पैसे भरून चालणाऱ्या अशा बॉक्समध्ये रेकॉर्डिंग डिस्कवर कुलूप लावूनच लिहिलं जातं, आणि चावी असते त्याच बॉक्सच्या चिपमध्ये आणि कार्डात. डिस्क एकटी काढून कितीही चाळली तरी हाती येतो नुसता कचरा. म्हणून ज्याला बॉक्सच नको, तो मुळात काही काढणारच नव्हता. त्यात चालू बॉक्स लाइव्ह टीव्ही पॉज करता यावा म्हणून सतत डिस्कवर लिहीत असतो, म्हणजे त्या तीन दिवसांत आमच्या जुन्या पानांवर नवीन लिहिलं गेलं असणारच. रेकॉर्डिंग उडालं की त्याच क्षणी प्लग काढा, हे मला कुणी सांगितलं नाही.

फुकटवाल्या, पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणाऱ्या बऱ्याच बॉक्सचं वेगळं असतं. तिथली जुनी फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये चालत असेल तर कुलूप नाही. मग पुसलेली फाइल फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरनेसुद्धा मिळू शकते, पेनड्राइव्हवर मध्ये काही लिहिलं नसेल तर. कुणालाही पैसे देण्याआधी हे करून बघा.

आता पोलिसांचं. आमच्या इथल्या पोलीस स्टेशनला गेले तर म्हणे दुकान आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडचे म्हणे पैसे घरातून फोनवर भरलेत ना, मग तुमच्याकडेच तक्रार द्या. मी म्हटलं झिरो एफआयआर घ्या, हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यायची असं कायद्यात आहे, तर साहेब हसले. 'बिल आहे ना मॅडम, मग ही फसवणूक नाही, व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा.' दोन सुट्ट्या गेल्या, पावसात भांडुप ते ग्रँट रोड तीन फेऱ्या, आणि हातात साधी पोच नाही. वर एक हवालदार विचारतो, एका भजनासाठी एवढे पैसे कशाला घातले? माझ्या वडिलांचं होतं, म्हणून घातले.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, मी सतरा दिवस थांबले, तोवर पैसे खात्यातून पुढे गेलेले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथे मी तक्रार टाकतेय, त्या स्क्रीनशॉटची प्रिंट लावून. आणि ज्यांच्या बॉक्सवर घरच्या माणसाचं काही आहे आणि ते अजून चालतंय, त्यांनी या रविवारी बॉक्सच्या मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने, कॉम्प्युटरला जोडायच्या कॅप्चर कार्डवर उतरवून घ्या. एचडीएमआयवर कॉपी अडवलेली असते, एव्हीवर बहुतेक उतरतं, असं त्याच दादरच्या काकांनी सांगितलं.

मंडळातल्या कुणाच्या घरी तो २०१६ चा कार्यक्रम बॉक्सवर अजून असेल तर फोन करा. केबल आणि कार्ड मी घेऊन येते.